उत्तरं नसलेली पत्रं

नाशिक,
२५ जुलै

प्रिय अव्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "पुस्तक सुचवून कुणाला आपल्या मनातलं कळतं का रे? सरळ बोलायचं ना." तेव्हा बस आली म्हणून फोन ठेवला. पण तुझा प्रश्न डोक्यातून जाईना. आज पाऊस इतका आहे की बाहेर पडायची सोय नाही. म्हणून पहिल्यापासून सगळं लिहितो.

आमच्या वाचक गटाबद्दल तुला थोडंफार ठाऊक आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'मधली पुस्तकांची एक पेटी इंदिरानगरला एका काकूंकडे असते. काही महिन्यांनी ती बदलून दुसरी येते. आम्ही अठ्ठावीस जण आहोत. पेटीसोबत एक वही असते. पुस्तक कधी नेलं, कधी परत केलं, आणि शेवटी शेरा. बाकी सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर, आणि महिन्यातून एका रविवारी बैठक.

मृणालकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते तिच्या शेऱ्यांमुळे. बाकीचे लिहितात 'छान', 'वाचनीय'. हिने एका जाड कादंबरीपुढे लिहिलं होतं, 'नायकाची आई एकदाही पोटभर जेवत नाही. कुणाच्या लक्षात आलं का?' मी ती कादंबरी वाचली होती आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी पुन्हा नेली, पुन्हा वाचली, आणि तिच्या शेऱ्याखाली लिहिलं, 'आता आलं.'

मग मे महिन्यात एका रात्री तिने गटावर टाकलं, "शेवटची वीस पानं राहिलीत, खून कुणी केला ते कळत नाही, घरात एकटी आहे. कुणी जागं आहे का?" साडेअकरा वाजून गेले होते. मी लिहिलं, "आहे. शेवटच्या पानापर्यंत थांबतो." अर्ध्या तासाने तिचा निरोप आला, "खुनी सापडला. दिवा मालवला. भीती अजून जागी आहे." मी लिहिलं, "मग मीही आहे."

एवढंच. पण हे बाकीच्या सव्वीस जणांच्या देखत झालं होतं, आणि सकाळी काकूंनी त्याखाली एक हसरा चेहरा टाकला. गटावर केलेल्या लाडिक बोलण्याचं असंच असतं. सगळ्यांसमोर असतं म्हणून समोरच्याला सुरक्षित वाटतं, थट्टा म्हणून सोडूनही देता येतं. तेच वाक्य तिच्या खासगी नंबरवर गेलं की त्याचं वजन दसपट होतं. मागच्या वर्षी आमच्याच गटातल्या एकाने एका बाईंना रात्री-अपरात्री प्रेमकविता पाठवायला सुरुवात केली होती. त्या बिचाऱ्या काही न बोलता गट सोडून गेल्या. वाचायला येणारी बाई वाचायला येते. तिचा नंबर गटात दिसतो, याचा अर्थ तिने तो आपल्याला दिलेला नसतो. म्हणून मी ठरवलं होतं, गटाबाहेर पहिला निरोप आपण टाकायचा नाही.

तो तिने टाकला, जूनच्या शेवटी. "गटावर विचारलं तर वीस नावं येतील. मला एकच हवंय. पावसात वाचायला काय घेऊ?"

अव्या, त्या रात्री मी कपाटासमोर किती वेळ उभा होतो! पहिल्यांदा हात गेला तो एका प्रेमकवितांच्या संग्रहाकडे, आणि तसाच मागे आला. कवितासंग्रह दिला की उघड उघड चिठ्ठी दिल्यासारखं होतं. वाचणारी प्रत्येक ओळीत 'हे मला उद्देशून आहे का' असं शोधत बसते आणि कविता मरते. मग एक कादंबरी काढली, फार आवडती. पण तिच्यातला नायक लग्न झालेला, आणि शेवटी दोघं दुरावतात. पुस्तक सुचवताना माणसं शेवटाचा विचार करत नाहीत, हे फार चुकतं. आपण एका मधल्या प्रसंगावर जीव टाकून पुस्तक देतो. वाचणारी मात्र शेवटचं पान मिटून विचार करते की याला आपलं असं व्हावं असं वाटतं का.

शेवटी पु. शि. रेग्यांची 'सावित्री' काढली. १९६२ सालची, अगदी लहानशी कादंबरी. तू वाचली नसशील म्हणून सांगतो. सगळी मिळून ३९ पत्रं आहेत, सगळी सावित्रीने एका माणसाला लिहिलेली. त्याची उत्तरं पुस्तकात नाहीत. त्याचं नावही कळत नाही. तो काय म्हणाला असेल ते तिच्या पुढच्या पत्रावरून ताडायचं. त्यातच ती लच्छी आणि मोराची गोष्ट येते. लच्छीला मोर हवा असतो, आणि गोष्ट जाऊन पोचते ती इथे, की मोर हवा तर आपणच मोर व्हायचं.

हेच का, ते सांगतो. ह्या पुस्तकात कुणी कुणाला मागणी घालत नाही, कुणी कुणाच्या मागे लागत नाही. एक जण मनापासून लिहितो आणि दुसऱ्याला त्याच्या वेळेने उत्तर द्यायला मोकळं ठेवतो. मला तिला जे सांगायचं होतं ते नेमकं एवढंच होतं. आणि तिला त्यातलं काहीच ऐकायचं नसेल, तर ती निव्वळ एक सुंदर कादंबरी होती. 'भाषा फार छान आहे, धन्यवाद' असं म्हणून ती परत देऊ शकली असती आणि आम्हां दोघांनाही पुढच्या बैठकीत मान खाली घालावी लागली नसती. सूचक पुस्तक म्हणजे माझ्या मते हे. त्याला दोन दारं हवीत. एकच दार असलेलं पुस्तक देणं म्हणजे माणसाला कोंडून विचारणं.

पेटीतली प्रत दिली नाही. ती सगळ्यांची, तिच्यावर आपली खूण नको. नवी घेतली. पहिल्या पानावर काही लिहिलं नाही, कुठे रेघ ओढली नाही, पानात खूण घातली नाही. रेघ ओढली की आपण बोट दाखवतो, आणि मग ती पुस्तक वाचत नाही, आपलं बोट वाचते. फक्त निरोप लिहिला, "लहान आहे, एका बैठकीत संपेल. पण संपवू नये. रोज तीनच पत्रं." तिनाच्या हिशेबाने तेरा दिवस होतात. तेरा दिवस रोज रात्री काहीतरी बोलायला मिळेल, हा माझा स्वार्थ होता, तुझ्यापासून काय लपवू.

५ जुलैला तिने सुरुवात केली. पहिल्या रात्री नुसतं "तीन झाली." दुसऱ्या रात्री "सहा. ही बाई किती शांतपणे लिहिते." चौथ्या रात्री जे बोलणं झालं ते मला पाठ आहे.

"याची उत्तरं कुठेयत?"

"पुस्तकात नाहीत."

"मग तो उत्तर देतच नसेल."

"देतो. तिच्या पुढच्या पत्रात दिसतं."

बराच वेळ काही नाही. मग, "म्हणजे आपल्याला न दिसताही उत्तर असू शकतं."

मी लिहिलं, "असू शकतं. वाट बघायची तयारी हवी."

"कुणाची आहे?"

"तीन पत्रांच्या मर्यादेत सांगता येणार नाही."

तिने त्यावर पावसाचा आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवला. बारा सेकंद, नुसता पत्र्यावरचा पाऊस.

तुला आपल्या भाषेतली एक गंमत दाखवतो. वर बघ, तिच्या एकाही वाक्यात 'तुम्ही' नाही आणि 'तू' नाही. गटावर ती मला 'तुम्ही' म्हणायची, मीही तिला. खासगीत आल्यावर दोघांनाही 'तुम्ही' लांबचं वाटायला लागलं आणि 'तू' म्हणायचा धीर होईना. मग सगळं 'वाचून झालं का', 'जेवण झालं का', 'झोपायचं नाही का' असं सुरू झालं. कर्ताच गाळायचा. कुणी असा कर्ता गाळायला लागलं की समजावं, तिथे काहीतरी आहे.

तरी मी स्वतःला बजावत होतो की हे नुसतं पुस्तकावरचं बोलणं असू शकतं. तू त्या आठवड्यात विचारलंस तेव्हा मी 'अजून काही नाही' म्हणालो, ते खरं होतं. त्याच वेळी गोदेला पाणी वाढत होतं. आपल्याकडे पूर कसा मोजतात ठाऊक आहे ना तुला? गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं ते पेपरात येतं, पण माणसं विचारतात, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? पायाशी, गुडघ्याला, की कमरेला? मी रोज कामावरून येताना गोदाघाटावर थांबून बघायचो आणि तिला कळवायचो. "आज मारुतीच्या गुडघ्याला." ती विचारायची, "आणि घाटावर उभं राहणाऱ्यांच्या?" मी सांगायचो, "त्यांच्या कमरेला लागलंय."

मला खात्री पटली ती दोन गोष्टींनी. १२ तारखेच्या बैठकीत ती 'सावित्री'वर बोलली. पाच मिनिटं, भाषेवर, पत्ररूपी मांडणीवर, अगदी नीटस. पण आमच्यात जे बोलणं झालं होतं त्यातला एक शब्द तिने तिथे काढला नाही. उत्तरं, वाट बघणं, मोर, सगळं तिने वेगळं ठेवलं होतं. देशपांडे काकांनी मोराबद्दल विचारलं तर म्हणाली, "त्यावर पुन्हा कधी." आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. १३ तारखेला नऊ दिवस होऊन सत्तावीस पत्रं झाली. १४ला तिचा निरोप आला, "आज एकच वाचलं." १५ला "एकच." मी काही विचारलं नाही. रोज एक. जी बाई खुनाची वीस पानं संपवायला रात्री जागते, तिने बारा पत्रं पुरवून पुरवून खायला घेतली होती. माझे तेरा दिवस तिने स्वतःहून लांबवले, अव्या! ती वाचायची थांबली असती किंवा एका रात्रीत संपवलं असतं, तर मला तेही उत्तर समजलं असतं आणि मी तिथेच गप्प बसलो असतो.

काल अडतिसावं झालं. रात्री निरोप आला, "शेवटचं राहिलंय. एकटीने नाही वाचणार. तू वाचून दाखव."

'तू' बघितलंस?

तो एक शब्द मी किती वेळ बघत बसलो. मग लिहिलं, "कुठे?" ती म्हणाली, "सोमेश्वरला. पाऊस थांबला तर देवळाच्या बाहेर, नाही थांबला तर आत." येत्या रविवारी सकाळी आठला जायचं आहे. पुस्तक तिच्याकडेच आहे, ती घेऊन येणार आहे.

मी शेवटचं पत्र मुद्दाम पुन्हा वाचलेलं नाही. तिच्यासमोरच वाचायचं आहे, आवाज कापला तर कापू दे. आईला अजून काही सांगितलेलं नाही, तेव्हा तिचा फोन आला तर सांभाळून बोल. आणि रविवारी दुपारपर्यंत मला फोन करू नकोस, मीच करीन.

वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा.

तुझाच,
निखिल