ॲव्हरेज सांगता, मग धूरही सांगा: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री,
रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय, सविनय नमस्कार.

गाडी घेताना आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो: ॲव्हरेज किती? त्याचे उत्तर कंपनी लिटरमागे किलोमीटरमध्ये देते. तीच गाडी किलोमीटरमागे किती कार्बन डायऑक्साइड सोडते, हे ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या कागदावर ठळक छापलेले असावे आणि ते कोणत्या इंधनावर मोजले हेही त्यात असावे, एवढ्यासाठी हे पत्र.

हिशेब शाळकरी आहे. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७४५ ग्रॅम. त्यात वजनाने सुमारे ८६.६ टक्के कार्बन, म्हणजे ६४५ ग्रॅम. जळताना १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन ओढून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणून ६४५ ला ४४ ने गुणून १२ ने भागायचे. उत्तर २,३६५ ग्रॅम. पाऊण किलोच्या इंधनातून सव्वादोन किलोहून जास्त वायू कसा, असे अनेकांना वाटते; वाढीव वजन सगळे हवेतल्या ऑक्सिजनचे. २० किलोमीटर ॲव्हरेज देणारी गाडी मग किलोमीटरमागे ११८ ग्रॅम सोडते.

डिझेल जड असते. लिटरमागे ८३५ ग्रॅम धरले आणि कार्बन ८६.२ टक्के, तर लिटरमागे २,६४० ग्रॅम येतात. त्यामुळे २० चेच ॲव्हरेज देणारी डिझेल गाडी १३२ ग्रॅम सोडते. पेट्रोल गाडीशी बरोबरी करायची तर तिने लिटरमागे २२.३ किलोमीटर धावले पाहिजे. नुसते ॲव्हरेज बघणाऱ्या ग्राहकाला दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

खरा घोळ २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने झाला आहे. इथेनॉलची घनता पेट्रोलपेक्षा जास्त, लिटरला सुमारे ७९० ग्रॅम; पण त्यात कार्बन फक्त ५२ टक्के, कारण रेणूतच ऑक्सिजन बसलेला असतो. लिटरमागे उत्सर्जन १,५१० ग्रॅम. मिश्रणात ८०० मिलिलिटर पेट्रोलचे १,८९२ आणि २०० मिलिलिटर इथेनॉलचे ३०२ मिळून २,१९४ ग्रॅम. साध्या पेट्रोलपेक्षा सात टक्क्यांनी कमी! पण घाई नको. मिश्रणातली ऊर्जाही जवळपास तेवढीच, सुमारे सात टक्के, घटते. इंजिनाची कार्यक्षमता तीच राहिली तर २० चे ॲव्हरेज १८.७ वर येते, आणि २,१९४ भागिले १८.७ म्हणजे ११७ ग्रॅम. धुराड्यातून निघणारा आकडा जवळजवळ हललाच नाही.

इथेच दोन चुका होतात, त्याही उलट दिशांच्या. जुने ॲव्हरेज आणि नवे इंधन धरले की ११० ग्रॅम येतात आणि जाहिरात खूश होते. नवे ॲव्हरेज आणि जुने इंधन धरले की १२६ येतात आणि इथेनॉलचा विरोधक खूश होतो. दोन्ही आकडे खोटे. सुधारित इंजिनात ॲव्हरेजची घट कमी असू शकते, तेव्हा उत्सर्जनही खरोखर उतरेल. पण ते त्या गाडीच्या मोजणीतून दिसले पाहिजे, अंदाजाने नव्हे.

त्या ११७ पैकी सुमारे १६ ग्रॅम उसाने किंवा मक्याने हवेतून घेतलेल्या कार्बनचे, हे मान्य. ते वेगळे दाखवावे. मात्र ते शून्य धरताना शेतातले खत, ट्रॅक्टरचे डिझेल आणि डिस्टिलरीचे बॉयलर विसरू नयेत. धुराड्याच्या आकड्यात ते येतच नाहीत.

घनतेबद्दल एक खबरदारी. ती आणि लिटर एकाच तापमानाचे हवेत. पेट्रोल अंशागणिक सुमारे ०.१ टक्का फुगते, म्हणून १५ अंशांची प्रमाणित घनता ४० अंशांच्या लिटरला लावली की उत्सर्जन अडीच टक्के जास्त दिसते.

गंमत अशी, की नवे काही मोजायला लागणार नाही. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चालवून धुरातला कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात आणि त्या कार्बनवरून, घनता वापरून, किती इंधन जळले ते काढतात. म्हणजे ॲव्हरेजचा आकडा उत्सर्जनातूनच जन्मतो. वाटेत जन्मदाखला गळतो, इतकेच. पीयूसीच्या कागदावर हा आकडा शोधून उपयोग नाही. ती चाचणी विषारी वायू आणि धूर तपासते.

म्हणून विनंती: प्रत्येक नव्या गाडीच्या लेबलवर किलोमीटरमागचे ग्रॅम, चाचणीच्या इंधनातील इथेनॉलचे प्रमाण, आणि त्या इंधनाची घनता व कार्बनचा वाटा छापणे बंधनकारक करावे. सीएनजी गाड्यांसाठी लिटरऐवजी किलो धरून हेच करावे; तिथे घनतेची गरजच नाही.

आपले,
वाहन उत्सर्जन मोजणीच्या क्षेत्रातील काही अभियंते