मुलाचे वजन चिठ्ठीवर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीतील घरगुती माहितीच्या चौकटीत लहान मुलांच्या औषधाचा एक हिशोब छापून आला आहे. मुलाच्या वयाला 'वय अधिक १२' ने भागा आणि मोठ्या माणसाच्या डोसचा तेवढा हिस्सा मुलाला द्या, असा. मी मिरजेत २८ वर्षे औषधाचे दुकान चालवले. हा यंगचा नियम आम्ही डी.फार्म.ला पाठ केला होता, परीक्षेतही तो हमखास यायचा. तरीही घरात कुणी तो वापरू नये, असे मला कळकळीने सांगायचे आहे.

कारखान्याच्या हंगामातली एक संध्याकाळ सांगतो. दुकानात पाठोपाठ दोन आया आल्या, दोघींच्या कडेवर तापाने फणफणलेले मूल. एक ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली, दुसरी आमच्याच गल्लीतली. दोन्ही मुले चार वर्षांची. दोन्ही चिठ्ठ्यांवर वय होते, वजन नव्हते, आणि पॅरासिटामॉलच्या साध्या सिरपचा 'एक चमचा' लिहिला होता. या सिरपच्या ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम औषध असते. यंगच्या नियमानेही नेमके हेच उत्तर येते. ४ भागिले १६ म्हणजे पाव, आणि ५०० च्या गोळीचा पाव म्हणजे १२५.

दुकानात माणसांचा काटा होता. ऊसतोडीवाल्या बाईंना मुलासह उभे केले, मग एकट्यांना. ५४ आणि ४३. मूल ११ किलोचे. गल्लीतली मुलगी भरली १९ किलो. तापासाठी पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे साधारण १० ते १५ मिलिग्रॅम लागते. १२५ मिलिग्रॅम म्हणजे पहिल्याला किलोमागे ११, चालण्यासारखे. मुलीला मात्र किलोमागे साडेसहाच. तिचा ताप उतरला नसता, आणि आईने घाबरून दोन तासांतच दुसरा चमचा पाजला असता. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी लगेच मुलीचा डोस १५ च्या हिशोबाने २८५ मिलिग्रॅम सांगितला.

यंगच्या नियमात आणखी एक खोट आहे. मोठ्यांची गोळी ५०० ऐवजी ६५० ची धरली, तर त्याच मुलीचे उत्तर १२५ वरून १६२ वर जाते. काउलिंगचा नियम पुढच्या वाढदिवसाचे वय २४ ने भागतो, ५०० च्या गोळीवर त्याने १०४ येते. डिलिंगचा नियम वय २० ने भागतो, त्याने १००. मूल तेच, ताप तोच, उत्तरे चार. वय विचारले की लगेच कळते, काटा लागत नाही, म्हणून हे नियम इतकी वर्षे टिकले.

आता बहुतेक औषधांचा डोस मुलांवरच्या अभ्यासातून किलोमागे मिलिग्रॅम असा ठरतो. कॅन्सरच्या अनेक औषधांसाठी उंची आणि वजन दोन्ही घेऊन शरीराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ काढतात. पण नुसत्या वजनानेही भागत नाही, हे क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाने फार क्रूरपणे शिकवले. नवजात बाळांना किलोमागे रोज १०० मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त दिले जाई. बाळांची पोटे फुगत, अंग राखाडी पडे, आणि कित्येक दगावली. ते औषध निकामी करून बाहेर टाकणारी यकृताची यंत्रणा पहिल्या आठवड्यांत कच्ची असते, मूत्रपिंडेही तशीच, त्यामुळे औषध रक्तात साचत गेले. १९५९ मध्ये हे उघड झाले, आणि नवजातांसाठी डोस २५ पर्यंत खाली आणला गेला. उलट फिट्सची काही औषधे लहान मुलांना मोठ्यांपेक्षा किलोमागे जास्त लागतात, कारण त्यांचे शरीर ती भराभर संपवते. म्हणून प्रत्येक औषधाचा आणि वयोगटाचा किलोमागचा आकडा वेगळा असतो. मूल लठ्ठ असले, तरी हिशोब मोठ्यांच्या कमाल डोसापुढे नेत नाहीत.

घरी होणारा घोळ बहुतेक मिलीत होतो. ११ किलोच्या मुलाचे १५ च्या हिशोबाने १६५ मिलिग्रॅम म्हणजे साध्या सिरपचे ६.६ मिली, पण ५ मिलीत २५० असलेल्या सिरपचे निम्मे, ३.३ मिली. तान्ह्यांच्या ड्रॉप्समध्ये तर एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतात. सिरपचे माप लक्षात ठेवून ड्रॉप्स ६.६ मिली पाजले, तर दिवसभराचे औषध एका घोटात पोटात जाते.

म्हणून आपण ती चौकट दुरुस्त करून त्याच जागी पुन्हा छापावी. आणि आपल्या जिल्ह्यातील डॉक्टरांना विनंती, की मुलाच्या चिठ्ठीवर वयाशेजारी वजन आणि डोस मिलिग्रॅममध्ये लिहावा. म्हणजे दुकानदाराच्या हातात कोणतीही बाटली आली, तरी त्याला मिली ताडून पाहता येतील.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता, मिरज (जि. सांगली)