सोंगट्यांवर बसवलेलं कथक : एका ताईंना जाहीर पत्र

प्रिय ताई,

तुम्ही मला ताई म्हणता, मी तुम्हाला ताई म्हणते आणि क्लासमधल्या पोरी मागे दोघींची नक्कल करतात. समोर बसून आभार मानायला लागले, तर तुम्ही "अहो त्यात काय" म्हणत चहा टाकायला उठाल. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांसमोर. साताऱ्यात माझ्यासारखे क्लास चालवणाऱ्या आणि मुलींचा नाच फोनवर उतरवताना तोंडघशी पडलेल्या आणखी कुणी असतील, तर त्यांच्याही उपयोगी पडेल.

गेल्या वर्षीचा आमचा व्हिडिओ तुम्ही पाहिला होतात. सहा जणी एका ओळीत, फोन हॉलच्या शेवटच्या खुर्चीमागे. मुलगी कोणती हे तिच्या आईलाही घागऱ्याच्या रंगावरून ओळखावं लागत होतं. त्यानंतर मी शहाणपणा करून तीन फोन लावले आणि प्रत्येक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कट मारला. तालाचा मान राखला असं मला वाटत होतं. तुम्ही तो दोनदा पाहिलात आणि म्हणालात, "समेवर दचकायला होतंय. लग्नाच्या व्हिडिओत मी हार गळ्यात पडल्यावर कट करत नाही, पडताना करते." त्या दिवशी मला ते नीट कळलं नव्हतं, फक्त वाईट वाटलं होतं.

या वर्षी तुम्ही मुलीला सोडायला आलात आणि माझी वही मागितलीत. वहीत मी रंगमंचासाठी काढतो तशा रचना काढल्या होत्या. पुढच्या दोन कोपऱ्यांत दोघी, मागे चौघी. तुम्ही जुन्या कॅलेंडरचं पान उलटं टेबलावर पसरलंत आणि त्यावर पंख्याच्या आकाराचा एक त्रिकोण काढलात, टोक आपल्याकडे. म्हणालात, "प्रेक्षकांना स्टेज पुढे रुंद दिसतं. फोनला पुढे अरुंद आणि मागे रुंद दिसतं. तुमच्या पुढच्या कोपऱ्यातल्या दोघी फ्रेमच्या बाहेर आहेत." मग मुलाच्या कॅरमच्या सोंगट्या आल्या. पाच काळ्या आणि एक राणी. त्या त्रिकोणात ठेवल्यावर सगळा घोळ मला डोळ्यांनी दिसला.

पुढच्या शनिवारी कार्यालयाच्या हॉलमध्ये आपण तो त्रिकोण जमिनीवर उतरवला. फोन साडेतीन फुटांवर स्टँडला लावून तुम्ही पडद्याकडे बघत बसलात आणि मी हातात चिकटपट्टी घेऊन, तुम्ही "गेलात" म्हणेपर्यंत बाजूला सरकत राहिले. फोनपासून बारा फुटांवर चौकट साधारण चौदा फूट रुंद निघाली, चोवीस फुटांवर अठ्ठावीस. अंतर दुप्पट, रुंदी दुप्पट. उंचीचा हिशेब मला त्याहून महत्त्वाचा वाटला. बारा फुटांवर चौकटीची उंची जेमतेम आठ फूट होते, म्हणजे मुलीचे घुंगरू खाली आणि वर उचललेले हात, दोन्ही कसेबसे मावतात. त्याहून पुढे कुणी आली की पाय तरी तुटणार नाहीतर बोटं. कथकात पाय तुटले तर राहिलं काय? म्हणून बारा फुटांवर आपण लाल पट्टी मारली आणि पूर्ण देह दाखवायचा असेल तेव्हा ती कुणी ओलांडायची नाही असं ठरलं.

एका ओळीचं गणितही तिथेच सुटलं. हात पसरलेल्या मुलीला पाच फूट लागतात. सहा जणींना तीस. तीस फूट रुंदी हवी तर ओळ सव्वीस फुटांवर न्यावी लागते आणि तिथे चौकटीची उंची सतरा फुटांच्या आसपास जाते. पाच फुटांची मुलगी तिच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. वर नुसती भिंत आणि कार्यालयाच्या झालरी. गेल्या वर्षीच्या मुंग्या अशा झाल्या होत्या. त्यावर तुमचा तोडगा होता त्रिकोणात त्रिकोण. बारा फुटांवर एक, सोळावर दोन, विसावर तीन, मागच्या कुणाचाही चेहरा पुढचीच्या मागे लपणार नाही अशा बेताने. सोंगट्यांनी असे अकरा आकार झाले. प्रत्येकाचा वरून फोटो काढून तुम्ही ते छापून आणलेत. आमच्या पोरी अजूनही "तिसऱ्या कॅरमला ये" असं म्हणतात.

आता कटाबद्दल. लेहरा, म्हणजे नाचामागे आवर्तनभर फिरत राहणारी धून, मी आधीच रेकॉर्ड करून घेतला होता, मिनिटाला १२० मात्रा, लय शेवटपर्यंत तीच. दुगुन-चौगुन, म्हणजे दुप्पट-चौपट लय, पायांत होती, लेहऱ्यात नाही. सोळा मात्रांचं आवर्तन बरोबर आठ सेकंदांचं, अशी चोवीस आवर्तनं म्हणजे ३ मिनिटं १२ सेकंद. तुम्ही लगेच चोवीस ओळींचा तक्ता आखलात. एका आवर्तनाला एक ओळ, त्यात कोणती रचना, फोन कोणत्या जागी, चौकट किती, आणि शेवटच्या रकान्यात कट कोणत्या मात्रेवर आणि त्या क्षणी अंगाचा कोणता भाग हलतोय. हा शेवटचा रकाना मी कधीच लिहिला नसता. लय वाढत जाणारा प्रत्यक्ष बैठकीतला नाच असता तर हा तक्ता चालला नसता, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत.

तेराव्या ओळीवर आपलं भांडण झालं. तुकड्याची तिहाई, म्हणजे तीनदा येणारा शेवटचा बोल, संपते, १४, १५ आणि १६ या मात्रांना एकेक चक्कर, आणि पुढच्या समेवर थांब. समोरच्या फोनवर सहाही जणी, समेला डावीकडच्या फोनवर राणी, म्हणजे त्या सोंगटीच्या जागची मुलगी, एकटी, कमरेपासून वर. मी म्हटलं कट समेवर. तुम्ही म्हणालात, सम ही पोचण्याची जागा आहे, बघणाऱ्याला तिथे पोचू द्या. कट सोळाव्या मात्रेच्या अर्ध्यावर, जेव्हा तिची पाठ आपल्याकडे असते. मात्रा अर्ध्या सेकंदाची, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर चक्कर बारा-तेरा फ्रेममध्ये पुरी होते आणि पाठ दिसते ती सहाव्या-सातव्या फ्रेमला. चेहरा लपलेला, घेर फुललेला, डोळा हालचालीच्या मागे धावतोय, त्याला चौकट बदललेली कळतच नाही. मग चेहरा वळतो तो नव्या चौकटीत आणि सम तिथे पडते, पूर्ण, न तुटता. तुम्ही फोनवर दोन्ही प्रकार करून दाखवलेत. समेवरचा कट पाहताना मीच मान मागे घेतली.

त्याच रात्री तुम्ही मला माया डेरेन यांचा १९४५ सालचा 'अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा' पाठवलात, काही मिनिटांचा मूकपट. नर्तक रानात पाय उचलतो आणि तो पाय टेकतो घरातल्या खोलीत. जागा बदलली तरी पायाची चाल तुटत नाही. तो मी चारदा पाहिला आणि तेराव्या ओळीतला "सम" खोडून "१६ ॥ पाठ" असं लिहिलं.

दोन फोनच्या जागांमध्ये निदान तीस अंशांचा फरक हवा किंवा चौकट तरी ठळकपणे लहान-मोठी हवी, नाहीतर तीच मुलगी जागच्या जागी उडाल्यासारखी दिसते, हे तुम्ही ओझरतं सांगितलंत. मला ते गतनिकासात, म्हणजे चालीतून भाव दाखवायच्या भागात, कळलं. राणी घूंघट काढत डावीकडून उजवीकडे जाते आणि मला हट्टाने मागून एक शॉट हवा होता. तुम्ही तिच्या वाटेवर खडूने रेघ ओढलीत आणि म्हणालात, सगळे फोन या रेघेच्या एकाच बाजूला. मी मागून घेऊन पाहिलंच. पडद्यावर ती अर्ध्या वाटेतून परत फिरून उलटी निघाली, काहीतरी विसरल्यासारखी! शेवटी मध्ये गच्चीवरून घेतलेला वरचा शॉट घातला, ज्यात नुसतं घेराचं फूल उमलतं आणि डावं-उजवं पुसट होतं. त्यानंतर मागचा शॉट चालून गेला. रेघ ओलांडायची तर अशी, हे तुम्ही नंतर हसत सांगितलंत. आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, हेही खरं.

चित्रीकरणाच्या दिवसाची एक गोष्ट मला लिहायलाच हवी. तुम्ही प्रत्येक शॉट एक आवर्तन आधीपासून एक आवर्तन नंतरपर्यंत नाचायला लावलात. आठ सेकंदांसाठी चोवीस सेकंद नाच. चौथ्या तासाला पोरींचे पाय बोलायला लागले आणि मी तुमच्याकडे रागाने पाहिलं. पण समेपाशी सुरू केलेल्या शॉटमध्ये चक्कर अंगात आलेली नसते, ती उभी असलेली मुलगी एकदम वळते, आणि अशा दोन तुकड्यांना कितीही फ्रेम पुढेमागे सरकवा, जोड दिसतोच. घरी आल्यावर तुम्ही मोजलंत तेव्हा बहुतेक कट दोन फ्रेमच्या फरकात बसले.

एक मात्र बसला नाही. विसाव्या ओळीत समोरच्या फोनवर राणीची ओढणी डाव्या खांद्यावर टाचलेली आणि बाजूच्या फोनवर पिन सुटून पाठीवर लोळणारी. आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. मला घाम फुटला. तुम्ही शांतपणे ती क्लिप काढलीत जी संपताना "चार आवर्तनं नुसते पाय, जमिनीलगत" म्हणून तुम्ही घ्यायला लावली होतीत आणि जी मला वेळेचा अपव्यय वाटली होती. तत्काराच्या, म्हणजे पायांनी वाजवायच्या बोलांच्या, मध्यात, टाच आपटायच्या आधी, वर उचललेल्या पावलावर कट. दीड सेकंद घुंगरू, मग ओढणी पाठीवर. आता ती हालचालीत घसरली असं वाटतं. त्या दीड सेकंदात पाय कुणाचे आहेत ते विचारू नका. राणीचे नाहीत.

तुम्ही पैशाचं नाव काढू दिलं नाहीत. मुलीची फी घ्यायची नाही असं मी ठरवलंय आणि त्यावर चर्चा नको. तक्त्याची एक प्रत क्लासच्या भिंतीवर लावली आहे, शेजारी कॅरमचे अकरा फोटो. लहान बॅचच्या मुली आता स्वतःच बटणं मांडून "ही बाहेर गेली" म्हणतात.

आणि हो, राणी सोंगटी माझ्या घुंगरांच्या डब्यात सापडली. तुमचा मुलगा महिनाभर बांगडीच्या तुकड्याने खेळतोय असं कळलं. रविवारी आणून देते.

तुमची,
ताई