जास्वंदीच्या कळ्या का गळतात

प्रिय सुहास,

तुझं पत्र आणि चिरलेल्या कळ्यांचे फोटो मिळाले. खत वाढवून पाहिलंस, पाणी वाढवून पाहिलंस, तरी गळ थांबेना म्हणतोस. गळ थांबवण्याआधी गळलेली कळी बघायला हवी होती. ती तू आता पाहिलीस, हे बरं झालं.

दहा कळ्यांपैकी सात पिवळ्या पडून गळलेल्या, आणि त्यांच्या आत पाकळ्यांच्या मुळाशी बारीक पिवळसर-पांढऱ्या अळ्या दिसतात. ही जास्वंदीच्या कळीतली माशी. माशी डासाहून लहान असते. ती कोवळ्या कळीच्या टोकाशी अंडी घालते, अळ्या आत शिरून खातात आणि झाड ती कळी देठाच्या सांध्यापाशी सोडून देतं. कळीबरोबर अळ्याही खाली येतात, मातीत शिरून कोष करतात आणि पुन्हा माशी होऊन वर येतात. ही फेरी साधारण तीन-चार आठवड्यांची. म्हणजे कुंडीखाली पडून राहिलेली कळी ही पुढच्या महिन्याच्या गळतीची बेगमीच. दुहेरी पाकळ्यांच्या जातींना हा त्रास जास्त, आणि तुझी जास्वंद नेमकी तीच.

खात्री करायची असेल तर ताज्या पिवळ्या कळ्या पारदर्शक पिशवीत घालून तोंड बांध आणि सावलीत ठेव. एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर पडून पिशवीला चिकटलेल्या दिसतील. फुलकिड्यांचं चित्र वेगळं असतं. त्यांनी खाल्लेली कळी बऱ्याचदा झाडावरच राहते, पण अर्धवट उमलते आणि पाकळ्यांच्या कडा तपकिरी, चुरगळलेल्या होतात. अशी कळी पांढऱ्या कागदावर झटकली की रेघेएवढे किडे पळताना दिसतात.

माशीवर उपाय एकच खरा, आणि तो कंटाळवाणा आहे. रोज गळलेल्या कळ्या वेच आणि झाडावरच्या पिवळ्या पडू लागलेल्याही खुड. पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात टाक. कंपोस्टमध्ये मुळीच नको, तिथे अळ्यांना हवी तशी माती मिळते. मन घट्ट करता आलं तर चार आठवडे झाडावरची प्रत्येक कळी, हिरवीसुद्धा, खुडून टाक. अंडी घालायला जागाच उरली नाही की फेरी तुटते. शेजारी दुसरी जास्वंद असेल तर तिचंही हेच कर, नाहीतर तिथली माशी इकडे येईल. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी (लिटरभर पाण्यात ५ मिली तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी) मावा किंवा पिठ्या ढेकणांवर चालते, पण बंद कळीतल्या अळीपर्यंत ती पोचत नाही. म्हणूनच तुझ्या दोन फवारण्या वाया गेल्या.

आता उरलेल्या तीन कळ्या. त्या हिरव्याच आहेत, आत किड्याचा मागमूस नाही, आणि तू लिहितोस की दोन दिवस पाणी चुकल्यानंतर त्या पडल्या. हा पाण्याचाच मामला. माती कोरडी पडली आणि ऊन कडक असलं की झाड पानं वाचवतं आणि कळ्या सोडतं. लहान-मोठ्या सगळ्याच पडतात, हीच खूण. नंतर एकदम भरपूर पाणी दिल्याने गळलेलं परत येत नाही. शिवाय कोकोपीटची माती पूर्ण सुकली की कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून ओतलेलं पाणी कडेने सरळ खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेव, मग निथळू दे. एरवी बोट दोन इंच मातीत खुपसून पाहा. कोरडं लागलं तर तळातून पाणी येईपर्यंत दे. ओलं लागलं तर थांब. सतत चिखल ठेवलास तर मुळं कुजतील, आणि मुळं कुजलेलं झाडही अशाच हिरव्या कळ्या टाकतं.

खताला माझ्या मते उगाच पहिला दोष दिला जातो. नत्र जास्त झालं तर पानं माजतात आणि कळ्या मुळात कमी धरतात. धरलेल्या गळणं हे सहसा त्याचं लक्षण नव्हे. तुझ्या कुंडीत मात्र मातीवर पांढरी पापुद्री दिसते आणि पानांच्या कडा करपलेल्या आहेत. हे साचलेले क्षार, तू वाढवलेल्या मात्रेचे. पापुद्री खरवडून काढ, कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून तळातून निघून जाऊ दे, आणि महिनाभर खत बंद ठेव. मग पाकिटावरच्या मात्रेच्या अर्धं, पालाश जास्त आणि स्फुरद कमी असलेलं, पंधरा दिवसांतून एकदा, तेही ओल्या मातीत. हाडांचा चुरा घालू नकोस. त्यात स्फुरदच जास्त, आणि जास्वंदीला स्फुरदाचा अतिरेक मानवत नाही.

कळ्या खुडायला सुरुवात केल्याची तारीख कुंडीवर लिहून ठेव. चार आठवड्यांनंतर येतील त्यातल्या पहिल्या पाच कळ्या गळल्या तर चिरून बघ आणि आत काय दिसतं ते कळव.

तुझा,
मिलिंद