गुदमरण्याची वाट पाहू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला विमानप्रवासावरचा लेख आवडला. पण ‘उंचावर गुदमरायला लागले की वैमानिक मास्क लावतो’ हे त्यातले वाक्य खटकले. गुदमरायला होतच नाही, खरा धोका तोच आहे.

मी हवाई दलात मालवाहू विमानांवर फ्लाइट इंजिनिअर होतो. बंगळुरूला आम्हाला कमी दाबाच्या कक्षात बसवून 25,000 फुटांइतकी विरळ हवा करत आणि मास्क काढायला लावत. हातात कागद, 100 मधून सात-सात वजा करत जायचे. मी 93, 86, 79, 72 असा झरझर उतरलो. पुढे 72 पुन्हा लिहिले, मग 66, मग नुसत्या रेघोट्या. तीन मिनिटे होऊन गेली होती. ‘मास्क लावा’ हे शब्द मला ऐकू आले, पण मी हसत बसलो. शेवटी मास्क दुसऱ्याने लावला. माझे गणित बरोबर आहे याबद्दल तोपर्यंत मला तिळमात्र शंका नव्हती!

श्वासाची तगमग मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. उंचावर तो उच्छ्वासातून नीट बाहेर पडत असतो, म्हणून छातीला काही कळत नाही. ऑक्सिजनचे प्रमाण तिथेही आपल्या नागपुरातल्याइतकेच, 21 टक्के. दाब मात्र 18,000 फुटांवर निम्मा होतो आणि पहिली जाते ती पारख.

माणूस स्वतःचा जीव वाचवण्याइतका शुद्धीवर असतो, तो वेळ 18,000 फुटांवर वीस ते तीस मिनिटे असतो. 25,000 वर तो तीन ते पाच मिनिटे उरतो, 30,000 वर एक-दोन आणि 35,000 वर अर्धे ते एक मिनिट. इतक्या वर फुप्फुसातला ऑक्सिजनचा दाब परत येणाऱ्या रक्तातल्यापेक्षाही कमी होतो. मग उलटी गंगा वाहते, रक्तातलाच ऑक्सिजन बाहेर पडू लागतो. दाब एकदम गेला किंवा माणूस हालचाल करत असला, तर हा वेळ आणखी घटतो. (एव्हरेस्टवर काहीजण सिलिंडरशिवाय जातात ते शरीराला आठवडेच्या आठवडे सवय लावून. इथून उडालेल्याला ती सवलत नाही.)

1875 च्या एप्रिलमध्ये ‘झेनिथ’ या बलूनमधून तिघे फ्रेंच 8,000 मीटरच्या वर गेले. उघडी टोपली, सोबत ऑक्सिजनच्या पिशव्या. साठा थोडा, म्हणून गरज पडेल तेव्हाच वापरायचा असे ठरले होते. वाचलेल्या तिसांदिए यांनी नंतर लिहिले की त्रास मुळीच नव्हता, उलट आनंद वाटत होता. ‘आठ हजार मीटर’ असे ओरडायला गेले तर जीभ हलेना. नळी समोर होती, हात उचलला गेला नाही. सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली हे सोबती मृतावस्थेत खाली आले.

म्हणून दाब न राखलेल्या विमानात मास्क लावतात तो अल्टिमीटरचा काटा पाहून, बरे वाटत असतानाच. लेखातले ते वाक्य कृपया दुरुस्त करावे.

आपला,
एक निवृत्त फ्लाइट इंजिनिअर, सोमलवाडा, नागपूर