आण्णांच्या नाडीची लिमिट किती ठेवायची

लातूर,
जानेवारी

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू अर्ध्यातच म्हणतोस, "मग घड्याळच काढून ठेवायला सांगू का?" म्हणून लिहायला बसलो. घड्याळ काढायचं कारण नाही. ते बिघडलेलंही नाही. नाडी किती खाली गेली की वाजायचं, ती त्यातली 50 ची लिमिट आण्णांसाठी नाही, एवढंच झालंय.

तू तुझा जुना आयफोन आणि घड्याळ आण्णांना दिलंस, त्यांच्या नाडीची माहिती स्वतःच्या फोनवर शेअर करून घेतलीस, हे चांगलंच केलंस. पण त्याचा परिणाम बघ. रात्री तीनला त्यांच्या मनगटावर जे वाजतं ते पुण्यात तुझ्याही उशाशी वाजतं. तू भावकीतल्या पोराला उठवतोस, तो जीप काढतो, माय रडायला लागते, आणि आण्णा झोपेतून उठून विचारतात, "कोण गेलं?" त्या दिवशी आमच्याकडं दवाखान्यात आले तेव्हा त्यांची ईसीजीची पट्टी मीच काढली. टेबलावर पडल्या पडल्या मला विचारत होते, हरभऱ्यावर घाटेअळी दिसायली, काय फवारू? पट्टीत ठोके 54, लय अगदी नियमित. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात संदेश जायला लागणारा वेळ 0.18 सेकंद होता, 0.20 पर्यंत चालतो. म्हणजे वाटेत कुठं अडथळा नाही. डॉक्टरांनी पट्टी बघितली, गोळ्यांची चिठ्ठी बघितली आणि घरी पाठवलं.

मग 54 कशामुळं? चिठ्ठीतच उत्तर होतं. बीपीसाठी आण्णा मेटोप्रोलॉल घेतात. ती गोळी हृदयाचा वेग कमी करते, ते तिचं कामच आहे. त्यात आण्णा काटक, जन्मभर शेतात राबलेले. अशा माणसाची बसल्या जागची नाडी तशीही शहरी माणसापेक्षा कमी असते. आणि गाढ झोपेत ती आणखी उतरते. निरोगी माणसाचीही झोपेत 50 च्या आत जाऊ शकते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर रात्री 46 दिसलं तर त्यात नवल नाही. तुझ्या डोक्यात 60 ते 100 चा आकडा बसलाय. तो जाग्या, शांत बसलेल्या माणसाचा आहे, पहाटे तीनला घोरणाऱ्या आण्णांचा नाही.

आता घड्याळ कधी वाजतं ते समजून घे. माणूस हालचाल करत नाही असं वाटत असताना दहा मिनिटं नाडी लिमिटच्या खाली किंवा वर राहिली तर ते सूचना देतं. झोपलेला माणूस हलतच नाही. म्हणजे खालची लिमिट 50 ठेवली आणि झोपेतली नाडी 46 असली, की ते वाजणारच, आणि रोज वाजणार.

तू पाठवलेले पंधरा रात्रींचे स्क्रीनशॉट मी नीट बघितले. बहुतेक रात्री सगळ्यात खालचा आकडा 46 ते 48 च्या दरम्यान आहे. दोन रात्री 44 वर गेलाय आणि तिथं काही वेळ टिकलाय. एका रात्री एकदम 39 आहे, ज्यावर तू लाल गोल करून पाठवलंस. त्या आकड्याच्या आधीचा 47 आहे आणि पुढचा 48. Health ॲपमध्ये Heart Rate च्या पानावर खाली Show All Data आहे, तिथं एकेक नोंद वेळेसकट दिसते. एकटाच पडलेला आकडा बहुतेक वेळा पट्टा ढिला असल्याचा किंवा हात अंगाखाली दबल्याचा असतो. थंडीत मनगट गार पडलं तरी कातडीतला रक्तप्रवाह कमी होतो आणि हिरव्या उजेडावर चालणारा तो सेन्सर चाचपडतो. म्हणून लिमिट ठरवताना तो 39 मी सोडून दिला. आलेखातला सगळ्यात खालचा बिंदू बघून लिमिट ठरवू नये, जो आकडा लागोपाठच्या नोंदींत टिकतो तो धरावा.

टिकलेला तळ 44. तुझ्या घड्याळात Low Heart Rate ला 40, 45 आणि 50 असे पर्याय आहेत. 50 ठेवलं तर रोज रात्री जीप. 45 ठेवलं तर रोज नाही, पण त्या दोन रात्रींसारख्या रात्री वाजेल, आणि सारखं नाही, अधूनमधून वाजणारं जास्त घाबरवतं. 40 ठेव. टिकलेल्या तळापासून चार ठोक्यांचं अंतर राहतं आणि लिमिट कामाचीही राहते. हृदयातला संदेश खरोखरच अडला, ज्याला पूर्ण हार्ट ब्लॉक म्हणतात, तर नाडी बऱ्याचदा 40 च्या खाली जाते आणि तिथंच राहते. म्हणून लिमिट पार बंद करायला मी सांगत नाही.

पण हा 40 आण्णांचा आहे, आणि तोही पट्टी चांगली निघाली, चक्कर नाही, डॉक्टरांनी बघितलं, त्यानंतरचा. शेजारच्या तात्यांचं घड्याळ वाजायला लागलं तर त्यांचाही आकडा खाली ओढून देऊ नकोस. ज्याची रात्रीची नाडी कायम 58 असते आणि या आठवड्यात 46 वर आली, त्याच्याबाबतीत 50 ला वाजलेलं घड्याळ खरंच बोलतंय.

एक विचारायचं राहिलं. मागं आण्णांच्या डोळ्याचं काही चाललं होतं. मोतीबिंदू की काचबिंदू? काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब दिले असतील तर बाटलीचा फोटो पाठव. ते थेंब मेटोप्रोलॉलच्याच जातीचे, आणि डोळ्यात टाकलेले असले तरी थोडे रक्तात उतरून नाडी कमी करतात. डोळ्याच्या डॉक्टरला बीपीची गोळी सांगायची आणि बीपीच्या डॉक्टरला डोळ्याचे थेंब सांगायचे हे आपल्याकडं कुणाच्या ध्यानातच येत नाही. आणि मायला सांग, गोळी स्वतःहून बंद करायची नाही. घड्याळ वाजतंय म्हणून अचानक तोडली तर बीपी आणि नाडी दोन्ही उसळतात.

आता वरची लिमिट. ती तू 120 वरच राहू दिलीस, आणि इथं मला उलटी काळजी आहे. मेटोप्रोलॉल घेणाऱ्या माणसाची नाडी गोळीच दाबून धरते. अशा माणसाची बसल्या जागी 115 झाली तर तुझ्या-माझ्या 115 पेक्षा ती मोठी गोष्ट आहे. दिवसा बसलेले असताना आण्णांची 56 ते 62 असते. येळवशीला शेतात भज्जी-आंबील पोटभर झाल्यावर 84 दिसते, ते जेवणाचं. शेतातून चालत येऊन बांधावर टेकले तेव्हा दहा मिनिटांनंतरही 96 आहे. म्हणून 100 ठेवलं तर उन्हाळ्यात, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, ते रोज दुपारी वाजेल. 110 ठेव.

आणि तो ट्रॅक्टरवरचा 128. तू म्हणालास की नाडी 74 वरून एकदम उडाली आणि उतरल्यावर एकदम खाली आली, म्हणजे खोटीच. निष्कर्ष बहुधा बरोबर आहे, कारण मात्र नाही. ट्रॅक्टरवर माणूस बसलेला असतो, पण मनगट थरथरत असतं, आणि पट्टा ढिला असला की सेन्सर ते धक्केच ठोके म्हणून मोजू शकतो. पण हृदयाचा एक खरा आजारही असा आहे की नाडी बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि तशीच बंद होते. म्हणून उडीवरून ठरवायचं नाही. पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, घट्ट बांधून पुन्हा ट्रॅक्टरवर बसवा. तेव्हा 128 आलं नाही तर विषय संपला. घरात खाटेवर बसलेले असताना आलं तर पट्टी काढायला या.

घड्याळ वाजलं की काय करायचं ते भावकीतल्या त्या पोराला समजावून सांग, तो जवळ असतो. आण्णांना उठवून बसवायचं. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नये, आणि अंगठ्यानं तर मोजूच नये, त्याला स्वतःचीच नाडी लागते. झोपेमुळं उतरलेली नाडी उठून बसल्यावर, चार पावलं चालल्यावर वर येते. जागे असून, चालूनही 40 च्या खालीच राहिली तर झोपेचं कारण देता येत नाही, निघायचं.

बोटाला मध्येच ठोका गाळल्यासारखा वाटला तर तेही मला कळव. काही जणांना अवेळी जास्तीचे ठोके येतात, ते इतके हलके असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत. मग हृदयाचे ठोके 76 पडतात आणि घड्याळ 38 दाखवतं. बोटंही 38 च मोजतात, त्यामुळं तिथं बोटांवर भरवसा नाही, पट्टीच लागते. आण्णांच्या पट्टीत असं काही नव्हतं.

छातीत दुखलं, दम लागला, डोळ्यापुढं अंधारी आली किंवा घेरी येऊन पडले, तर मनगटाकडं बघायचंसुद्धा नाही, सरळ गाडी काढायची. हार्ट ॲटॅक हे घड्याळ ओळखत नाही. आणि ते Low Power Mode वर असलं तर या सूचना येतच नाहीत. आण्णा बॅटरी वाचवायची म्हणून तसं करतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांना सांग, जेवताना चार्जिंगला लावा.

बदल असा कर: त्यांच्या फोनवर Watch ॲप, त्यात My Watch, मग Heart. तिथं High Heart Rate ला 110 आणि Low Heart Rate ला 40. तू पुण्यात आहेस, तर पोराला व्हिडिओ कॉलवर घेऊन करून घे. गोळीचा डोस बदलला किंवा नवी गोळी लागली तर पुन्हा दोन आठवड्यांचे आकडे पाठव, तेव्हा 40 च योग्य असेल असं नाही.

घाटेअळीचं मी कृषी सहाय्यकाला विचारलंय, त्याचं उत्तर आण्णांना फोनवर सांगतो. थेंबांच्या बाटलीचा फोटो तेवढा आजच पाठव.

तुझा,
विठ्ठल