जामीनअर्जाआधी नोटिशीला उत्तर द्या

संपादक महोदय,

निपाणी, खानापूरच्या लेकी गडहिंग्लज-चंदगडला आणि तिकडच्या सुना इकडे, ही सोयरीक आपल्या भागात जुनीच आहे. साहजिकच सासरच्या छळाची फिर्याद अनेकदा सीमेपलीकडे नोंदली जाते. छळामुळे माहेरी परतलेल्या विवाहितेला तिथल्याच ठाण्यात फिर्याद देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले, आणि ते रास्तच आहे. मात्र फिर्यादीत नाव आलेली माणसे घाबरून जे करतात, त्याने त्यांचीच बाजू लंगडी होते. वकील म्हणून हे मी पाहत आलो आहे, म्हणून हे पत्र.

निपाणीत नांदणाऱ्या एका नणंदेचे नाव गडहिंग्लजच्या फिर्यादीत आले. घरच्यांनी तिचा फोन बंद करून ठेवला आणि बेळगावच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनासाठी अर्ज केला. गुन्हा परराज्यात नोंदलेला असेल तर इथले न्यायालय तात्पुरते संरक्षण देऊ शकते, असा २०२३ चा निकाल आहे. पण तेही संबंधित न्यायालयात लगेच का जाता येत नाही, हे पटवून दिले तरच. गडहिंग्लज तासाभराच्या रस्त्यावर असताना ते पटवायचे कसे? शेवटी तिकडेच अर्ज करावा लागला, आणि मधले दिवस फुकट गेले.

तिथे सरकारी वकिलांचा आक्षेप एकच होता: नोटीस दिली, बाई आल्या नाहीत. अर्जात मात्र ‘तपासात सहकार्य करण्यास तयार आहे’ हे ठरीव वाक्य होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ प्रमाणे नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणे नोंदवावी लागतात. नोटीस न पाळणाऱ्याचे हे कवच ढिले पडते.

मग तिने तपास अधिकाऱ्याला पत्र लिहिले. नोटीस कधी मिळाली, कोणत्या दिवशी हजर राहते, लग्नापासून आपले घर वेगळे आहे, दागिने आपल्याकडे नाहीत, एवढेच त्यात होते. सोबत रेशनकार्डाची प्रत होती. ठरल्या दिवशी ती ठाण्यात गेली, जबाब दिला आणि पत्राची पोच अर्जाला जोडली. आता ‘सहकार्य’ तारखेनिशी कागदावर आले, आणि चौकशीला बोलावल्यावर हजर राहण्याच्या व साक्षीदारांवर दबाव न आणण्याच्या अटींवर जामीन मिळाला.

सहकार्य म्हणजे गुन्हा कबूल करणे नव्हे, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. प्रश्नांना उत्तरे द्यावीत, खरे तेच सांगावे. पोलिसांना हवे तेच उत्तर दिले नाही म्हणून असहकार ठरत नाही. फिर्यादी सुनेला फोन करून ‘मिटवून टाक’ म्हणणे मात्र कटाक्षाने टाळावे. तिच्या मनावर दडपण येते, आणि जामिनाविरुद्ध तेच पुढे केले जाते. स्त्रीधन आपल्याकडे असेल तर ते यादी करून, पंचनाम्यासह पोलिसांकडे द्यावे.

दोन्हीकडच्या पोलीस अधीक्षकांना एक विनंती: जबाबाला आलेल्या माणसाला तारीख-वेळेसह हजेरीची लेखी पोच द्यावी. बऱ्याच ठाण्यांत ती मागूनही मिळत नाही.

– एक वकील, बेळगाव